चार कॉटेज, एकशे ऐंशी महिने: शेतावरचा होमस्टे परवडतो का?

राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून मराठवाड्यात शेतावरच्या होमस्टेची चर्चा गावोगाव ऐकू येते. सोयाबीन-कापसाचा भाव हातात नाही, पाऊस हातात नाही, मग रस्त्याकडेच्या अर्ध्या एकरात चार कॉटेज बांधून पाहुणे का ठेवू नयेत, असा विचार अनेक घरांत होतो. त्यावर सल्ला देणारेही भेटतात. त्यांचा हिशेब बहुधा दोन ओळींचा असतो: वर्षाला सरासरी ३० टक्के खोल्या भरतील, खर्च जाऊन सव्वाचार लाख उरतील, ३० लाखांची गुंतवणूक सात वर्षांत वसूल.

या दोन ओळींत चुकीचा आकडा एकही नाही. तरीही या हिशेबावर विसंबून कर्ज काढलेलं घर पहिल्याच उन्हाळ्यात अडकू शकतं. का, ते एका उदाहरणावरून पाहू. आकडे मांडणीसाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घालायचे. हिशेबाची रीत मात्र हीच ठेवा.

## उदाहरण कोणतं

खुलताबाद तालुक्यात, वेरूळपासून जवळ एक शेतकरी कुटुंब आहे असं समजा. घरची जमीन, चार कॉटेज, संडास-बाथरूम, पाण्याची टाकी आणि सोलर मिळून खर्च ३० लाख. दोघांचं राहणं-जेवण धरून एका कॉटेजचा एका रात्रीचा दर २,५०० रुपये.

पाहुणा आला तरच होणारा खर्च रात्रीला ९०० रुपये धरू: किराणा, भाजी, दूध, गॅस ५५०, चादरी धुणं, साबण, वीज १५०, आणि बुकिंग साइटचं कमिशन सरासरी २००. म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक रात्रीमागे १,६०० रुपये हातात राहतात. पाहुणा येवो न येवो, दर महिन्याला लागणारे २२,००० वेगळे. त्यात रखवालदाराचे ११,०००, वीज-इंटरनेटचे ४,०००, किरकोळ दुरुस्तीचे ४,००० आणि विमा व अर्ध्या एकरातलं बुडालेलं पीक मिळून ३,००० आले. हे शेवटचं पीक बहुतेक जण लिहीतच नाहीत. जमीन घरची असली तरी ती फुकट नसते.

## बारा महिने, बारा तऱ्हा

एक कॉटेज एका रात्रीसाठी विकली गेली की तिला ‘खोली-रात्र’ म्हणू. चार कॉटेज आणि तीस दिवस म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १२० खोली-रात्री. धंदा स्थिरावल्यावर वर्ष साधारण असं दिसेल:

| महिना | खोली-रात्री | खर्च जाऊन उरलेले (रु.) |
|---|---|---|
| जानेवारी | ५४ | ६४,४०० |
| फेब्रुवारी | ३६ | ३५,६०० |
| मार्च | १८ | ६,८०० |
| एप्रिल | १० | −६,००० |
| मे | १२ | −२,८०० |
| जून | १२ | −२,८०० |
| जुलै | ३० | २६,००० |
| ऑगस्ट | ४८ | ५४,८०० |
| सप्टेंबर | ३६ | ३५,६०० |
| ऑक्टोबर | ४२ | ४५,२०० |
| नोव्हेंबर | ६० | ७४,००० |
| डिसेंबर | ७२ | ९३,२०० |

एकूण ४३० खोली-रात्री, म्हणजे ३० टक्के. उरले ४,२४,००० रुपये. सल्लागाराचा आकडा बरोबर निघाला. पण हा पैसा कधी आला ते बघा. नोव्हेंबर ते जानेवारी या तीन महिन्यांतच वर्षाच्या निम्म्याहून जास्त रक्कम आली. दिवाळीच्या सुट्ट्या, थंडी आणि लेणी बघायला येणारी माणसं, हे सगळं तेव्हाच जुळून येतं. जुलैपासून म्हैसमाळ हिरवं होतं, वेरूळचे धबधबे सुरू होतात, श्रावणात घृष्णेश्वराला गर्दी असते. तो दुसरा, छोटा हंगाम. मार्चच्या मध्यापासून ऊन चढतं आणि शेत ओस पडतं.

आठवड्यातही असाच चढउतार असतो. महिन्यातल्या शुक्रवार-शनिवारच्या रात्री आठ-नऊ, म्हणजे जवळपास ३० टक्के. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, त्यामुळे सोमवारची रात्र विकणं अवघडच. डिसेंबरातल्या शनिवारी दहा जण विचारतील, पण खोल्या चारच आहेत. ती मागणी एप्रिलच्या मंगळवारी ढकलता येत नाही.

## पुढचा रुपया आज केवढ्याचा?

आता सोयाबीन घेऊन अडतीवर गेलात असं समजा. अडत्या म्हणाला, “पट्टी आज घेतली तर ९,३५० रुपये, वर्षाने घेतली तर १०,०००.” पैसे बुडणार नाहीत याची खात्री असली, तरी तुम्ही विचार कराल की आजचे ९,३५० वर्षभर दुसरीकडे लावले तर किती होतील. सात टक्क्यांनी ते १०,००० च्या आसपास जातात. म्हणजे तुमच्यासाठी दोन्ही रकमा सारख्याच. पुढे येणाऱ्या पैशातून वाट पाहण्याबद्दल केलेली ही कपात म्हणजे वटाव, आणि कपात करून उरतं ते त्या पैशाचं आजचं मूल्य.

वटावाचा दर किती धरायचा? या धंद्यातल्या जोखमीसकट पैशावर १२ टक्के सुटावेत अशी अपेक्षा ठेवू. महागाई वर्षाला पाचेक टक्के धरली, तर महागाई वगळून सुमारे ७ टक्के उरतात. आपण खोलीचा दर, किराणा, पगार सगळं पंधरा वर्षं आजच्याच भावात लिहिणार आहोत, म्हणून वटावही महागाई वगळून, ७ टक्क्यांचाच. इथे सर्वांत जास्त घोळ होतो. भाव आजचे ठेवून वटाव १२ टक्के लावला तर चांगला धंदाही तोट्याचा दिसतो. भाव दरवर्षी वाढवत नेऊन वटाव ७ टक्के ठेवला तर तोट्याचा धंदा सोन्यासारखा दिसतो.

## एकशे ऐंशी ओळींचा तक्ता

कॉटेजचं आयुष्य १५ वर्षं, म्हणजे १८० महिने. एक्सेलमध्ये प्रत्येक महिन्याला एक ओळ द्या आणि त्या महिन्यात हातात उरलेली रक्कम C स्तंभात, पाचव्या ओळीपासून लिहा. पहिल्या बारा महिन्यांत ओळख नसते, म्हणून खोली-रात्री निम्म्या धरा. दुसऱ्या वर्षी पाऊण, तिसऱ्यापासून पूर्ण. साठाव्या महिन्यात गाद्या, गिझर, रंग यासाठी २ लाख वजा करा. एकशे विसाव्यात छप्पर-प्लंबिंगसकट ३ लाख. मग:

```
B1:  =(1+7%)^(1/12)-1
B2:  =NPV(B1,C5:C184)-3000000
```

पहिल्या सूत्रातून वार्षिक ७ टक्क्यांचा मासिक दर मिळतो, सुमारे ०.५६५ टक्के. दुसरं सूत्र १८० महिन्यांचं आजचं मूल्य काढून त्यातून गुंतवलेले ३० लाख वजा करतं. कॉटेज नोव्हेंबरात सुरू झाली असं धरलं तर उत्तर येतं अधिक २ लाख २७ हजार.

याचा अर्थ, ३० लाख परत मिळाले, त्यावर महागाई सोडून ७ टक्के सुटले, आणि वर आजच्या भावात सव्वादोन लाख उरले. आजचं मूल्य शून्याच्या वर आहे, म्हणजे कागदावर होकार. पण ३० लाखांच्या कामात ही शिल्लक फार पातळ आहे. खोलीचा सरासरी दर रात्रीला फक्त ६० रुपयांनी घसरला तरी ती संपते. शेजारी दोन नवे फार्मस्टे उभे राहिले आणि तुम्हाला २,५०० चे २,४०० करावे लागले, तर हिशेब दीड लाखाने शून्याच्या खाली जातो.

## “घरचीच माणसं आहेत, मजुरी कशाला धरायची?”

हा प्रश्न हमखास येतो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वरच्या खर्चात रखवालदाराचा पगार आहे, किराणा आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईचा एक रुपयाही नाही. सुनेनं आणि सासूनं करायचं, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं.

डिसेंबरात ७२ खोली-रात्री आहेत. दोघांप्रमाणे, नाश्ता आणि दोन जेवणं धरली तर त्या एका महिन्यात ४३२ पानं वाढायची. चुलीवरच्या भाकरीच पाहिजेत, कारण जाहिरात तीच केलेली असते. त्यात पाहुण्यांचा चहा, रात्री उशिरा आलेल्यांची खिचडी आणि ऐन डिसेंबरात तुरीच्या काढणीची धांदल. हे काम बाहेरच्या बाईकडून करून घ्यायचं तर महिन्याला सरासरी ४,००० रुपये ही रक्कम कमीच आहे.

तरी तेवढेच धरू. १८० महिने, दरमहा एक रुपया, याचं आजचं मूल्य ११२ रुपये ७६ पैसे होतं. म्हणून ४,००० चे झाले सुमारे ४ लाख ५१ हजार. ते वजा केले की अधिक सव्वादोन लाखांचे उणे २ लाख २४ हजार होतात.

उलट बाजूनं बघा. ही योजना त्या घरातल्या बायकांना महिन्याला फार तर २,०१० रुपये देऊ शकते; त्याहून जास्त दिले की होकाराचा नकार होतो. म्हणजे नफा म्हणून जे दिसत होतं, ती घरातल्या बायकांची न दिलेली मजुरी होती. ती त्यांना रोख द्यायची की नाही हा घरातला निर्णय, पण तक्त्यात ती लिहिलीच पाहिजे. उद्या सुनेला अंगणवाडीत नोकरी लागली किंवा सासूचे गुडघे गेले, की हा खर्च रोख स्वरूपात समोर येणारच.

## कॉटेज खरंच पंधरा वर्षं टिकेल का?

आयुष्य १५ ऐवजी १० वर्षं निघालं, तर अधिक २ लाख २७ हजारांचं उत्तर उणे ५ लाख ३९ हजारांवर येतं (मजुरी अजूनही न धरता). इतका मोठा फरक इथे पाहिलेल्या दुसऱ्या कुठल्याच बदलानं पडत नाही, आणि मराठवाड्यात याचं मूळ बहुतेक वेळा बांधकामाच्या पायात असतं.

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तशीच ओढ पायालाही बसते. काळ्या मातीतच दोन-अडीच फूट खोदून उथळ पाया घातला, की दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, दार चौकटीत अडकू लागतं, फरशीचा मधला भाग वर येतो. पहिली खूण दाराचीच असते: पावसाळ्यात घट्ट बसणारं दार उन्हाळ्यात सैल झालं, तर लाकडावर खापर फोडण्याआधी जोत्याभोवती पाणी मुरतंय का ते बघावं.

यावर उपाय माहितीतले आहेत. खाली मुरूम लागेपर्यंत खोदायचं, जोत्याखालची काळी माती काढून मुरमाचा भराव करायचा, भोवती पाणी साचू न देणारा उतार ठेवायचा. माती फार खोल असेल तर तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब घेतात. ते काम इंजिनिअरला विचारूनच. चार कॉटेजना यासाठी दीड लाख जास्त लागले तरी द्यावेत, कारण ते नसतील तर जाणाऱ्या पाच वर्षांची आजची किंमत साडेसात लाखांच्या वर आहे.

## कोणत्या महिन्यात सुरू करायचं?

सरासरीच्या हिशेबात हा प्रश्न येतच नाही. तक्त्यात येतो. तेच ३० लाख गुंतवून काम रेंगाळलं आणि नोव्हेंबरऐवजी मार्चमध्ये उघडलं, तर १८० महिने तेवढेच आणि खोली-रात्रीही तेवढ्याच राहतात. पण प्रत्येक वर्षाची सुरुवात रिकाम्या महिन्यांनी होते आणि कमाई मागे सरकते. आजच्या मूल्यात त्यानं सुमारे ७५ हजारांचा फटका बसतो, म्हणजे शिलकेचा एक तृतीयांश. गवंडी पावसाळ्यात काम करत नाही हे खरं आहे. म्हणूनच पाया आणि भिंती पावसाच्या आधी उरकाव्यात, आतलं काम श्रावणात करावं आणि दिवाळीला पहिली चादर घालावी.

## कर्जाचा हप्ता तक्त्यात कुठे?

आजचं मूल्य काढताना हप्ता वजा करायचा नाही. व्याज म्हणजे पैसा अडकल्याचा मोबदला, आणि तो वटावात आधीच धरला आहे. दोन्हीकडे धरलं तर एकच खर्च दोनदा मोजला जातो.

पण शेजारी दुसरा स्तंभ हवा, फक्त रोख पैशाचा. ३० पैकी २० लाख बँकेचे, ११ टक्के व्याज, सात वर्षं मुदत, तर हप्ता येतो महिना सुमारे ३४,२५०. वर्षाचे ४ लाख ११ हजार. पहिल्या वर्षी धंद्यातून उरतात फक्त ८० हजार, म्हणजे ३ लाख ३१ हजार खिशातून घालायचे. दुसऱ्या वर्षीही सुमारे १ लाख ५९ हजार. दोन वर्षांचे मिळून जवळपास पाच लाख, आणि हे पैसे कर्जाच्या अर्जात कुठेही लिहिलेले नसतात.

पाचव्या वर्षाचा गाद्या-गिझरचा २ लाखांचा खर्च सोडला तर तिसऱ्या वर्षापासून वर्षाची बेरीज जुळते, महिन्यांची जुळत नाही. मार्च ते जुलै या पाच महिन्यांत हप्ते धरून दीड लाखाची तूट येते. डिसेंबरातले ९३ हजार बघून नवी मोटारसायकल घेतली, तर मेचा हप्ता सावकाराकडूनच येणार. म्हणून फेब्रुवारीअखेर दीड लाख वेगळ्या खात्यात असले पाहिजेत. हप्ता हंगामाप्रमाणे ठरवून मिळतो का, हे बँकेला कर्ज मंजूर होण्याआधीच विचारावं.

## उन्हाळ्यात कुलूप लावलं तर?

एप्रिल, मे, जून तिन्ही तोट्याचे दिसतात, म्हणून बंद ठेवावं असं वाटतं. पण रखवालदार आणि विमा बंद होत नाहीत. या तीन महिन्यांतल्या ३४ खोली-रात्रींतून ५४,४०० रुपये येतात. कुलूप लावून खर्चात महिन्याला आठ हजार जरी वाचले तरी ते २४,००० होतात. उघडं ठेवलेलंच बरं.

अपवाद पाण्याचा. साध्या वर्षी पाहुण्याच्या वापराला टँकर परवडतो, हिरवळीला आणि पोहण्याच्या टाकीला परवडत नाही. आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तसं साल आलं तर गावाला पाणी नसताना पाहुण्यांना शॉवर देणं योग्यही नाही. पंधरा वर्षांत अशी दोन-तीन सालं येणार असं धरून त्या वर्षांच्या मार्च ते जूनच्या ओळींत शून्य खोली-रात्री लिहून बघा.

## मग हिशेब वर कसा येईल?

पाचवी कॉटेज बांधून नाही. ती डिसेंबरात भरेल आणि एप्रिलमध्ये आणखी एक रिकामी खोली वाढेल. खोली न लागणारा पाहुणा शोधायला हवा, आणि तो मराठवाड्यात हुरड्याला येतो. सकाळी यायचं, आगटीजवळ बसून गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही खायचं, संध्याकाळी परत जायचं.

जानेवारी-फेब्रुवारीच्या रविवारी मिळून २०० माणसं आली आणि ज्वारी, गोवऱ्या, हुरडा भाजणाऱ्यांची मजुरी जाऊन माणशी २५० रुपये उरले, तर वर्षाला ५० हजार. तक्त्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मोजलं तर तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यात पंचवीस-पंचवीस हजार, आणि पुढे दरवर्षी त्याच दोन ओळींत. आजचं मूल्य ४ लाख ७८ हजार. आता स्वयंपाकाचे दरमहा ४,००० पूर्ण धरूनही उत्तर अधिक २ लाख ५४ हजार येतं. बायकांची मजुरी देऊन होकार मिळतो, तो इथे.

अडचण एवढीच की कणीस हुरड्याला योग्य असतं ते जेमतेम आठ-दहा दिवस. त्याआधी दाण्यात नुसतं दूध, नंतर दाणा टणक. सगळं रान एकाच दिवशी पेरलं तर एका रविवारी हुरडा उतू जाईल आणि पुढच्या सात रविवारी पाहुण्यांना विकतचा आणून घालावा लागेल. म्हणून गूळभेंडी किंवा परभणी वसंतसारख्या हुरड्याच्या वाणाचे दोन-दोन, तीन-तीन गुंठ्यांचे तुकडे ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून आठ-आठ दिवसांच्या अंतरानं पेरायचे. शेवटच्या टप्प्यांना पाणी द्यावं लागतं आणि पाखरं राखायला माणूस लागतो. त्याचे पैसे माणशी २५० काढतानाच वजा केलेले असावेत.